स्थळाचा पहिला मेसेज, दोन जावांच्या हातून जाणारा

प्रश्न: माझ्या धाकट्या भावासाठी (वय २९) मावशीनं एक स्थळ सुचवलंय, तिच्या जावेच्या भावाची मुलगी. बाबा नाहीत, आईला असलं लिहायला जमत नाही. मी मेसेज लिहून द्यायचा आणि मावशी तो पुढे पाठवणार, असं ठरलंय. काय लिहू? बायोडाटा आणि फोटो लगेच जोडू का? आणि उत्तर आलं नाही तर किती दिवसांनी विचारायचं?

ठाण्यातल्या एका छोट्या वधू-वर मंडळाचं काम मी एकोणीस वर्षं केलं. त्याआधी आमच्या घरात हे काम सासूबाईंकडे होतं, पोस्टकार्डांवर चालायचं. असे पहिले निरोप मी शेकड्यांनी वाचलेत, बरेचसे लोकांना लिहूनही दिलेत. तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात महत्त्वाचा शब्द दिसला तो 'जाऊ'. आधी त्याबद्दल बोलते, मजकुराकडे मग वळू.

निरोप कुठून कुठे जाणार ते बघा. तुमच्याकडून मावशीकडे, मावशीकडून तिच्या जावेकडे, आणि जावेकडून तिच्या भावाच्या घरी. तिथे तो मेसेज उघडणार मुलीची आई. म्हणजे तिच्या दृष्टीनं हे स्थळ आणलं कोणी? नणंदेनं. नणंदेनं आणलेल्या स्थळाला नाही म्हणणं किती अवघड असतं, हे लग्न झालेल्या कुठल्याही बाईला विचारा. 'माझ्या सासरचं माणूस होतं म्हणून नाकारलंत' हे वाक्य पुढची दहा वर्षं दर दिवाळीला ऐकावं लागतं. इकडे मावशी आणि तिची जाऊ एकाच वाड्यात किंवा शेजारच्या फ्लॅटमध्ये राहत असतील, तर नकाराचा थोडा कडवटपणा त्यांच्यातही उतरतो. तुमचं आणि त्या घराचं आज काहीच नातं नाही, त्यामुळे तुमचं बिघडण्यासारखं काही नाही. जे बिघडेल ते या तीन बायकांचं.

म्हणून पहिल्या मेसेजचं काम मी असं मानते: मुलीच्या आईला तो वाचून सहज 'हो, पाठवा माहिती' म्हणता यावं, आणि तितक्याच सहज, कुणाचं मन न मोडता, 'आत्ता नको' म्हणता यावं. भावाची छाप पाडायचं काम त्या मेसेजचं नाही. ते बायोडाटा करील आणि नंतर भाऊ स्वतः करील.

लिहायला बसण्याआधी तीन गोष्टी उरकून घ्या. पहिली, भावाला नीट विचारलंय ना? 'बघू' म्हणणं म्हणजे हो नव्हे. त्याच्या मनात दुसरं कुणी असेल, किंवा अजून वर्षभर लग्नच करायचं नसेल, आणि हे निरोप गेल्यावर कळलं, तर तोंडघशी पडते ती मावशी.

दुसरी गोष्ट ओळखीतल्या स्थळांत हमखास राहून जाते, ती म्हणजे आधीचं नातं. सगळे म्हणतात, ओळखीचंच घर आहे, आणि नेमकं ओळखीच्या घरातच नातं निघतं. तुमच्या बाबतीत विचारायचा प्रश्न एकच, मावशी आणि तिची जाऊ या माहेरकडूनही एकमेकींच्या कुणी लागतात का? एका घरात दोन चुलतबहिणी दिल्याची उदाहरणं आपल्याकडे कमी नाहीत. तसं असेल तर ती मुलगी भावाची लांबची बहीण लागेल. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात सपिंड नात्याची मर्यादा स्वतःला पहिली पिढी धरून वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन पिढ्यांपर्यंत आहे, आणि रूढी असेल तिथे त्यातही सूट आहे. मामेबहिणीशी लग्न आपल्याकडच्या कितीतरी समाजांत चालतं. पण घरातली म्हातारी माणसं कायद्याची पिढी मोजत नाहीत, ती 'हिला तो काय म्हणतो' एवढंच बघतात. आमच्याकडे एकदा पत्रिका जुळली, मुलगा-मुलगी भेटून आली, आणि मग मुलाच्या आजीनं बसल्या बसल्या सांगितलं की ही मुलगी नात्यानं त्याची मावशी लागते. तिथेच सगळं थांबलं. आजीला आधी कुणी विचारलंच नव्हतं. तुमच्यात गोत्र किंवा देवक बघत असतील तर तेही याच वेळी मावशीकडून काढून घ्या. सगोत्र निघालं आणि दोन्ही घरं ते पाळणारी असली, तर निरोप जाण्याची वेळच येत नाही.

तिसरी गोष्ट मावशीनं करायची. मेसेज पुढे पाठवण्याआधी तिनं जावेशी समोरासमोर बोलावं, चहाच्या वेळी, दोघीच असताना. 'तुझ्या भाचीसाठी बघतायत का गं? माझ्या भाच्याचं विचारायचं मनात आहे. तुला कसं वाटतं?' एवढंच. जाऊ जरा थांबली, 'बघते विचारून' असं तोंडातल्या तोंडात म्हणाली, की मावशीनं तिथेच विषय सोडावा. तिला वहिनीचा स्वभाव माहीत असतो, कदाचित तिकडे दुसरीकडे बोलणी चालू असल्याचंही माहीत असेल. या पायरीवरच्या नकाराला काही किंमत पडत नाही, कारण अजून कागदावर काही नाही आणि मुलीच्या घरी कुणाला काही कळलेलं नाही.

जाऊ मनापासून हो म्हणाली की मग मेसेज. तो मावशीच्या शब्दांत न जाता तुमच्या शब्दांत जावा, कारण प्रेमळ नातेवाईक मजकुरात भर घालतात. कंत्राटी नोकरी तोंडी निरोपात 'सरकारीच म्हणा ना' होते, दीड खोलीचं घर 'स्वतःचा फ्लॅट' होतं. त्यांचा हेतू चांगलाच असतो, पण पुढे खोटे ठरता तुम्ही. लिहिलेलं असलं की ते जसंच्या तसं पुढे जातं.

तुमच्या भावाचे तपशील मला माहीत नाहीत, म्हणून अशाच एका घरासाठी लिहून दिलेला मजकूर थोडा बदलून देते. मोकळ्या जागी तुमचं भरा.

'श्री. —— आणि सौ. —— यांना सप्रेम नमस्कार. मी सौ. ——. आपल्या भगिनींच्या जाऊबाई माझ्या मावशी. माझा धाकटा भाऊ चि. —— याच्यासाठी आम्ही स्थळं बघायला सुरुवात केली आहे. मावशीशी बोलताना आपल्या घराबद्दल कळलं. आपण मुलीसाठी सध्या स्थळं बघत आहात का, आणि बघत असाल तर भावाची माहिती पाठवलेली चालेल का, एवढं विचारायला हे लिहिते आहे.

भावाचा जन्म १९९६ चा. त्यानं मेकॅनिकलमध्ये बी. ई. केलं आहे. चाकणला नोकरी करतो, राहतो पिंपरीला, भाड्याच्या घरात. आमचं मूळ गाव कराडजवळ. वडील २०१९ मध्ये वारले. आई गावी असते, अधूनमधून त्याच्याकडे येऊन राहते. मी लग्न होऊन कोल्हापूरला आहे. आईच्या सांगण्यावरून मी लिहिते आहे.

उत्तराची मुळीच घाई नाही. घरात आणि मुलीशी सावकाश बोलून मगच कळवा. सध्या विचार नसेल किंवा योग्य वाटत नसेल, तर ताईंना तसं नुसतं सांगितलंत तरी पुरे, कारण सांगायची गरज नाही. कळावे, लोभ असावा.'

एवढाच मजकूर, मोबाईलवर फार तर दीड स्क्रीन. आता यातलं काय कशासाठी आहे ते सांगते.

पहिल्याच ओळीत 'आपल्या भगिनींच्या जाऊबाई' असं नातं लिहिलंय, कारण समोरच्याला पहिला प्रश्न हाच पडतो, आमची माहिती यांना कुणी दिली? त्यात पूर्वीची रीत अशी की मुलीकडच्यांनी विचारायला जायचं. मुलीच्या बापाच्या चपला झिजायच्या. ती रीत आता बरीच मोडली आहे, आणि बरंच झालं. तरी मुलाकडचे आपणहून आले की एखाद्या घरात अजून शंका येते, 'यांना मुली मिळत नाहीत की काय?' वाट कुठून आली ते स्वच्छ लिहिलं की ही शंका बहुतेक विरते.

भावाच्या नावाआधी 'चि.' चालतं. मुलीचं नाव मात्र मेसेजमध्ये नकोच, आणि लिहिलंच तर 'चि. सौ. कां.' कधीही लिहू नका. एका गृहस्थांनी आदर म्हणून तसं लिहिलं. मुलीच्या काकांनी फोन करून विचारलं, 'पत्रिका छापायला टाकलीत का?' ती लग्नपत्रिकेची भाषा आहे. 'सा. न. वि. वि.' वाचायला गोड वाटतं, पण मुलीचे आईवडील पन्नाशीतले असतील तर साधा नमस्कार जास्त बरा. घरात आजोबाच पत्रव्यवहार बघत असतील तर गोष्ट वेगळी.

वडील नाहीत हे एका साध्या वाक्यात आलंय. ते लपवायचंही नाही आणि त्यावर सहानुभूतीही मागायची नाही. आईवडिलांऐवजी बहीण का लिहिते आहे, याचं उत्तर त्या वाक्यात मिळतं. 'भाड्याच्या घरात' हे शब्द बघून त्या घरच्यांनी माझ्याशी वाद घातला होता, एवढं कशाला सांगायचं म्हणून. मी म्हटलं, हे दोन शब्द वाचून जे मागे सरतील, ते चहा पिऊन झाल्यावरही मागे सरणारच आहेत, आणि तेव्हा तुमच्या आईला जास्त लागेल. याच नियमानं, भावाचं आधी लग्न होऊन घटस्फोट झालेला असेल तर ते पहिल्याच मेसेजमध्ये एका वाक्यात यायला हवं, नाहीतर पुढे कधीही सांगितलंत तरी 'लपवलं होतं' असंच होतं. मोडलेला साखरपुडा किंवा जुनं आजारपण पहिल्या मेसेजमध्ये नको. ते भेट ठरण्याआधी फोनवर, मोठ्या माणसानं मोठ्या माणसाला सांगावं.

बायोडाटा आणि फोटो आत्ता जोडू नका. एक कारण साधं आहे: फाइल गेली की ती भावकीच्या ग्रुपमध्ये जाते, तिथून आणखी दोन ग्रुपमध्ये, आणि महिन्याभरानं तुमच्या भावाचा फोटो कुणीतरी त्यालाच दाखवतं. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. बायोडाटा आला की समोरच्याला माणसाबद्दल मत द्यावं लागतं. नुसता प्रश्न आला तर ते 'आम्ही अजून बघत नाही' म्हणू शकतात, आणि त्यात तुमचा भाऊ नाकारला जात नाही. आधी फाइल पाठवून मग आलेला तोच 'आम्ही बघत नाही' तुम्हाला खरा वाटेल का? तुमच्या आईला तर नाहीच वाटणार.

मुलीचा फोटो मावशीनं एखाद्या हळदीकुंकवातला दाखवला असेल तर ते मेसेजमध्ये येऊ देऊ नका. 'मुलगी आम्हाला पसंत आहे' हे वाक्य लिहिणाऱ्याला कौतुक वाटतं. वाचणाऱ्या घरात मात्र पहिला विचार येतो, आमच्या मुलीचे फोटो कुठे फिरतायत? दुसरा येतो, हे लोक आता आमच्या होकाराची वाट बघत बसलेत. पसंतीचा शब्द दोघं भेटल्यानंतरचा, आणि तोही दोन्हीकडून.

आता पत्रिका. हे जरा सविस्तर सांगते, कारण इथे चांगले शिकलेले लोक चुकतात. तुम्ही पत्रिका मानत नसाल, तर 'आम्ही पत्रिका बघत नाही' असं मोठ्या मनानं लिहून टाकण्याचा मोह होतो. लिहू नका. आपल्याकडे 'पत्रिका जुळत नाही' हे पन्नास वेळा खरं असतं आणि पन्नास वेळा तो सभ्य नकार असतो. त्या नकारात दोष कुणाचाच नसतो, ग्रहांचा असतो. नणंदेला वहिनी ते न अडखळता सांगू शकते. तुम्ही आधीच 'आम्ही मानत नाही' म्हणालात की तो दरवाजा तिच्यासाठी बंद झाला. आता तिला नाही म्हणायला दुसरं काहीतरी शोधावं लागणार, उंची, पगार, गाव, आणि ते लागणार. उलटी चूकही तितकीच वाईट. मावशीकडून मुलीची जन्मतारीख आणि वेळ मिळवून तुम्हीच ३६ पैकी २६ गुण जुळतात असं बघून कळवलंत, तरी तोच दरवाजा बंद होतो. तर पत्रिकेबद्दल पहिल्या मेसेजमध्ये काहीच लिहू नका. त्यांनी मागितली की जन्मतारीख, वेळ, ठिकाण मुकाट्यानं द्या. एकनाड निघाली असं कळवलं तर दुसरा ज्योतिषी सुचवू नका.

'आम्हाला काही नको, मुलगी आणि नारळ द्या' हेही पहिल्या मेसेजमध्ये नको. हुंडा १९६१ पासून कायद्यानं गुन्हा आहे. जो विषय कुणी काढलेला नाही तो तुम्ही नकारार्थी काढलात, तरी काढलातच. लग्न कसं करायचं याचं बोलणं निघेल तेव्हा आई ते चांगल्या रीतीनं सांगेल.

आणि 'रविवारी आम्ही त्या बाजूला येतोच आहोत, येऊन जाऊ का?' हे तर नकोच नको. एका मुलाकडच्यांनी बायोडाटा, तीन फोटो आणि हे वाक्य एकाच वेळी पाठवलं. मुलीची परीक्षा चालू होती. आईनं नणंदेला फोन करून झापलं, नणंदेनं मध्यस्थ बाईंना, आणि त्या बाई पुढची दोन वर्षं त्या घरी हळदीकुंकवाला गेल्या नाहीत. मुलगा खरं तर चांगला होता.

मावशीला मेसेज देताना तिच्यासाठी वेगळ्या दोन ओळी लिहा: 'मावशी, खालचं आधी काकूंना वाचून दाखव. त्यांना बदल करावासा वाटला तर मला सांग. त्या म्हणतील तेव्हाच पुढे जाऊ दे.' त्या काकू म्हणजे मुलीची आत्या. तिला एखादा शब्द बदलायला मिळाला की निरोप तिचाही होतो. पुष्कळदा ती सांगते, 'दादाला मेसेज नको, मी वहिनीला फोनवर वाचून दाखवते.' तसंच होऊ द्या.

कधी पाठवायचा? पितृपक्षात, म्हणजे भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावास्येपर्यंत, बरीच घरं असला विषय काढत नाहीत. तुम्ही मानत नसलात तरी ते मानत असतील, आणि पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही. पौषातही काही घरी तसंच. चातुर्मासात लग्नं होत नाहीत, पण बोलणी होतात. उलट तुळशीच्या लग्नानंतरचे मुहूर्त धरायचे असतील तर बोलणी तेव्हाच सुरू होतात.

आता वाट बघण्याबद्दल. चार-पाच दिवसांनी मावशीनं जावेला फक्त 'पोचलं का?' विचारावं. 'काय म्हणाले?' हा प्रश्न त्या दिवशी नको. त्यानंतर साधारण तीन आठवडे काही नाही. या तीन आठवड्यांत काय होत असतं? आईवडील दोघं बोलतात, मुलीला योग्य वेळ बघून सांगतात, तिची 'आत्ता नको' ते 'बरं बघू' अशी चार-आठ दिवसांची वाटचाल होते, आणि मग कुणीतरी तुमच्या भावाच्या गावातल्या ओळखीच्या माणसाकडून त्याची चौकशी करतं. चौकशी चालू असल्याचं तुमच्या कानावर आलं तर राग धरू नका, तो चांगला संकेत आहे. मध्ये गणपती, परीक्षा, आजारपण आलं तर तेवढे दिवस मोजायचे नाहीत. तीन आठवड्यांनंतर एकदाच, त्याच वाटेनं विचारावं. तेव्हाही गोल उत्तर आलं तर ते उत्तर समजावं.

उत्तरं बहुधा ठरावीक असतात. 'पत्रिका पाठवता का' किंवा 'मुलाचा नंबर द्या, दोघं आधी बोलू देत' म्हणजे पुढे जायचंय. आता बायोडाटा एका पानाचा, अलीकडचा फोटो, आणि तो मावशीमार्फत न पाठवता थेट त्यांना, त्यांनी सांगितलेल्या नंबरवर. 'मुलगी अजून शिकतेय' हे खरं की नकार, ते जावेला माहीत असतं. मावशीनं तिच्या चेहऱ्यावरून ओळखावं, विचारू नये. 'वर्षभर विचार नाही' म्हणाले आणि दोन महिन्यांत मुलीचा साखरपुडा दुसरीकडे झाला, तर तो त्यांचा खोटेपणा समजू नका. वहिनीनं नणंदेला दिलेला तो सोपा नकार होता, आणि तुमच्या मेसेजनं तिला तो देता आला.

नकार आला की त्याच दिवशी मावशीला हे पाठवा आणि काकूंना दाखवायला सांगा: 'कळवलंत ते बरं झालं. तुम्ही मध्ये पडलात, त्याबद्दल आभार. मुलीला आमच्या शुभेच्छा.' आईला सांगताना मात्र फोनवर सांगू नका. तिच्याकडे जाल तेव्हा सांगा, जेवणं झाल्यावर.